आधी भिंत, मग पट्टी: दिवाणखान्यातल्या ट्रॅक लाइटचा हिशेब

दिव्यांच्या दुकानात ट्रॅक लाइट मागितला की विक्रेता सहसा पट्टीपासून सुरुवात करतो. एक मीटरची हवी की दोनची, काळी की पांढरी, साधी की मॅग्नेटिक? मग वॅट ठरतात आणि घरमालक सात-सात किंवा बारा-बारा वॅटचे पाच-सहा दिवे घेऊन बाहेर पडतो. भिंतीवर काय आहे, छत किती उंच आहे, पंखा कुठे फिरतो आणि मे महिन्यात छताजवळची हवा किती तापते, हे प्रश्न इलेक्ट्रिशियन शिडीवर चढल्यावर निघतात. तोवर फॉल्स सीलिंग बंद झालेले असते.

हा क्रम उलटा केला की बरेचसे निर्णय आपोआप सुटतात. भिंतीवरच्या वस्तूंवरून पट्टीची जागा ठरते, जागेवरून झोताचा कोन, कोनावरून दिव्याची ताकद. पट्टीचा प्रकार त्यानंतर येतो आणि उष्णतेचा विचार या सगळ्यांना लागू होतो.

उदाहरणासाठी नागपुरातला वरच्या मजल्यावरचा एक दिवाणखाना कल्पून पाहू. भिंत 14 फूट लांब, समोरची भिंत 10 फुटांवर, फॉल्स सीलिंगनंतर छताची उंची 9 फूट. भिंतीवर डावीकडे दीड फूट रुंद आणि अडीच फूट उंच तैलचित्र, मधोमध काचेच्या चौकटीत बसवलेला आजीच्या पैठणीचा 4 फूट रुंद पदर, उजवीकडे पुस्तकांची मांडणी. खोलीच्या मध्यावर 1200 मिलिमीटरचा नेहमीचा पंखा.

पट्टी भिंतीपासून किती दूर?

चित्रांवर प्रकाश टाकताना संग्रहालयांत एक जुना नियम पाळला जातो. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करून चित्राच्या मध्यावर पडावा. कोन याहून कमी झाला, म्हणजे दिवा भिंतीच्या फार जवळ आला, की चौकटीची लांब सावली चित्रावर उतरते आणि रंगाचे उंचवटे नको इतके ठळक होतात. कोन वाढला, म्हणजे दिवा लांब गेला, की काचेत दिव्याचे प्रतिबिंब दिसते आणि चित्र पाहायला उभा राहिलेला माणूस स्वतःचीच सावली चित्रावर पाडतो.

हिशेब सोपा आहे. दिव्याच्या तोंडाची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, त्याला 0.58 ने गुणायचे. आपल्या खोलीत दिवा छतापासून सहा इंच खाली लोंबतो, म्हणजे साडेआठ फुटांवर असतो. चित्राचा मध्य डोळ्यांच्या पातळीला, 5 फुटांवर. फरक साडेतीन फूट, आणि उत्तर जवळजवळ नेमके 2 फूट. पट्टी भिंतीपासून 2 फुटांवर हवी. छत 10 फूट असते तर हेच अंतर सुमारे 2 फूट 7 इंच झाले असते.

अख्खी भिंत एकसारखी उजळायची असेल तर नियम वेगळा. तिथे पट्टी भिंतीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर घेतात आणि दिव्यांमधले अंतरही तेवढेच ठेवतात. आपल्या खोलीत ते 3 फूट होईल. दगडी किंवा खरखरीत पोताची भिंत असेल तर पट्टी उलट अगदी जवळ, सहा-आठ इंचांवर आणतात, म्हणजे झोत पृष्ठभाग घासत खाली येतो आणि पोत उठून दिसतो. पुट्टी मारून रंगवलेल्या साध्या भिंतीवर मात्र हा प्रयोग महागात पडतो. दिवसा सपाट वाटणारी भिंत रात्री लाटालाटांची दिसते आणि पुट्टीचा प्रत्येक जोड उघडा पडतो.

परदेशी पुस्तकांत न सापडणारी अडचण आपल्याकडे छतावर फिरत असते. 1200 मिलिमीटरच्या पंख्याचे पाते मध्यापासून 2 फूट बाहेर येते. 10 फूट रुंद खोलीत पंखा मधोमध असेल तर पात्याचे टोक भिंतीपासून 3 फुटांवर फिरते. भिंत एकसारखी उजळण्यासाठी सुचवलेली जागा नेमकी हीच आहे. झोत पात्यांतून गेला तर भिंतीवर प्रकाश थरथरतो. मिनिटाला 350 फेऱ्या आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा वेळा सावली, आणि हा वेग डोळ्यांना सर्वाधिक खुपणाऱ्यांपैकी आहे. एका बाजूच्या पट्टीवरून समोरच्या भिंतीवर दिवे रोखले तर हा दोष हमखास येतो. 2 फुटांवरची पट्टी आणि भिंतीकडे तोंड केलेले दिवे पंख्याच्या वाटेत येत नाहीत, म्हणून आपल्या खोलीत चित्रांचा नियम आणि पंखा दोघेही एकाच जागेला मत देतात. लहान खोलीत तसे झाले नाही तर पट्टी आणखी दूर नेण्यापेक्षा पंख्याची जागा आधी तपासावी.

झोताचा कोन

खोक्यावर 15, 24, 36 किंवा 60 अंश असे आकडे असतात. झोताच्या मध्यावर जितकी तीव्रता असते तिच्या निम्मी जिथे उरते, त्या दोन कडांमधला हा कोन. कडेबाहेर अंधार नसतो, फिका उजेड आणखी बराच पसरतो. त्यामुळे आकडा नेमकी सीमा सांगत नाही, पण तुलना करायला पुरेसा आहे.

आपल्या खोलीत दिव्यापासून चित्राच्या मध्यापर्यंत तिरके अंतर 4 फूट भरते. त्या अंतरावर 15 अंशांचा झोत सुमारे 1 फूट रुंद पडतो, 24 अंशांचा पावणेदोन फुटांच्या आसपास, 36 अंशांचा अडीच फुटांहून थोडा जास्त आणि 60 अंशांचा साडेचार फुटांच्या पुढे. दुकानातल्या तक्त्यात हे आकडे मिळतात, पण तक्ता झोत समोरून सरळ पडतो असे धरतो. भिंतीवर झोत वरून तिरका पडतो, म्हणून त्याचा आकार उभ्या लंबगोलाचा होतो.

ही बाब वाटते त्याहून महत्त्वाची आहे. 24 अंशांचा तोच झोत आडवा पावणेदोन फूट असला तरी उभा 4 फूट पसरतो: जमिनीपासून सव्वासहा फुटांवर सुरू होऊन सव्वादोन फुटांपर्यंत. रोखलेला मध्य 5 फुटांवर आहे, पण प्रकाश त्याच्या वर सव्वा फूट आणि खाली पावणेतीन फूट जातो. 36 अंशांचा झोत तर खालच्या बाजूने भिंत संपवून जमिनीवर उतरतो. म्हणून अनुभवी माणूस दिवा चित्राच्या मध्यावर न रोखता थोडा वर, वरच्या तृतीयांशाकडे रोखतो. तसे केले नाही तर चित्राचे डोके अंधारात आणि खालचा सोफा उजेडात असे दृश्य दिसते. ‘दिव्याला ताकद नाही’ अशी तक्रार पुष्कळदा इथून येते, आणि वॅट वाढवून ती सुटत नाही.

उभ्या लंबगोलाचा दुसरा अर्थ असा की उभे चित्र एका दिव्यात भागते, आडव्याला बहुधा दोन लागतात. आपल्या तैलचित्राला 24 अंशांचा एक दिवा पुरतो, कोपरे जरा मऊ राहतील एवढेच. 4 फूट रुंद पैठणीला एक दिवा दिला तर मधला मोर झळकेल आणि दोन्ही टोके विझतील. 60 अंशांचा एक दिवा रुंदी भरून काढेल, पण त्याचा निम्मा प्रकाश चौकटीबाहेरच्या भिंतीवर आणि जमिनीवर सांडेल. 36 अंशांचे दोन दिवे, चौकटीच्या दोन्ही कडांपासून एकेक फूट आत, ही बरी मांडणी. पुस्तकांच्या मांडणीलाही 36 अंशच योग्य, कारण तिथे वरपासून खालपर्यंत उजेड हवाच असतो.

किती उजेड पुरे?

झोताच्या मध्याची तीव्रता कॅन्डेलात मोजतात आणि चांगला उत्पादक ती माहितीपत्रकात देतो. कॅन्डेलाच्या आकड्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात. भिंतीवर 30 अंशांच्या नियमाने तिरका झोत पडत असल्यामुळे त्याचे निम्मे धरायचे.

5 वॅटच्या, 24 अंशांच्या दिव्याची मधली तीव्रता 1600 कॅन्डेला असेल तर 4 फुटांवर, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास, भिंतीवर 500 लक्स पडतात. बैठकीच्या खोलीत रात्री सर्वसाधारण उजेड 100 ते 150 लक्स असतो. चित्र भोवतालापेक्षा तीन ते पाच पट उजळ असले की नजर आपसूक तिकडे वळते. म्हणजे तैलचित्रासाठी 5 वॅट भरपूर झाले. दुकानातून आलेला 12 वॅटचा तसाच दिवा याच जागी हजाराच्या वर लक्स टाकेल. चित्र चकचकीत होईल, उरलेली खोली काळवंडलेली वाटेल आणि घरातली माणसे आठवड्याभरात ट्रॅक बंद ठेवून ट्यूबलाइट लावू लागतील.

पैठणीचे गणित वेगळ्याच दिशेने जाते. रेशीम आणि त्यावरचे रंग प्रकाशाने फिके पडतात, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने 2004 मध्ये संग्रहालयांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रेशमासारख्या अतिसंवेदनशील वस्तूंना 50 लक्सची मर्यादा सुचवली आहे, आणि वर्षभराची बेरीज 15,000 लक्स-तासांच्या आत ठेवायला सांगितली आहे. एलईडीच्या प्रकाशात अतिनील किरण जवळपास नसतात हे खरे, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच.

36 अंशांचा 5 वॅटचा दिवा आपल्या भिंतीवर 250 लक्सच्या आसपास देईल. या हिशेबाने वर्षभराचा कोटा 60 तासांत, रोज चार तास धरले तर पंधरा दिवसांत संपतो. मंद करून 50 लक्सवर आणला तर तोच कोटा 300 तास, म्हणजे पंचाहत्तर संध्याकाळी पुरतो. शिवाय खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड यात धरलेलाच नाही. त्यामुळे पैठणीच्या दोन दिव्यांना वेगळे बटण आणि मंद करण्याची सोय दोन्ही हवे. बाकीचे दिवे रोज लागतील, हे दोन दिवाळीला आणि पाहुणे आले की.

डिमर लावताना दोन गोष्टी अडतात. दिव्याचा ड्रायव्हर मंद होणारा आहे असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे लागते. दुसरे, जुन्या पद्धतीच्या डिमरला किमान 40-60 वॅटचा भार लागतो. दोन दिव्यांचे 10 वॅट त्याला जाणवतच नाहीत आणि दिवे लुकलुकतात. त्यापेक्षा एलईडीसाठी बनवलेला डिमर किंवा ज्यांच्या अंगावरच मंद करण्याची घुंडी असते असे दिवे सोयीचे. ही घुंडी एकदा शिडीवरून लावून दिली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

पट्ट्यांचे तीन प्रकार

आता पट्टीकडे. घरासाठी सर्वाधिक विकली जाते ती 230 व्होल्टची सिंगल सर्किट पट्टी. ॲल्युमिनियमच्या खाचेत फेज आणि न्यूट्रल असे दोन तांब्याचे वाहक असतात. एका बटणावर सगळे दिवे लागतात. तीत किती दिवे बसतील याची चिंता एलईडीच्या काळात निरर्थक आहे, कारण पाच-सात वॅटचे डझनभर दिवेही अर्ध्या अँपिअरच्या आत राहतात. पाहायचे ते अर्थिंग. दिव्याचे अंग धातूचे आणि पट्टीही धातूची असेल तर तिसरा, अर्थिंगचा वाहक हवा, आणि दिव्याच्या अडॅप्टरवर त्याला टेकणारी पितळी पत्ती दिसली पाहिजे. स्वस्त पट्ट्यांत ती नसते.

दुसरी पट्टी थ्री सर्किटची. तिच्यात तीन वेगवेगळे फेज वाहक, एक सामाईक न्यूट्रल आणि अर्थिंग असते. प्रत्येक दिव्याच्या अडॅप्टरवर 1, 2, 3 अशी चकती असते. ती फिरवली की तो दिवा त्या क्रमांकाच्या बटणावर जातो. दुकाने आणि कलादालनांसाठी बनलेली ही पट्टी घरात जास्तीची वाटते, पण आपल्या भिंतीवर ती नेमकी कामाला येते: तैलचित्र एकावर, पैठणी दोनवर, पुस्तके तीनवर. चित्रांची जागा बदलली तर फक्त चकती फिरवायची. वायरिंगमध्ये एक सावधगिरी लागते. फ्लॅटला थ्री फेज मीटर असेल तर इलेक्ट्रिशियनने तिन्ही बटणे एकाच फेजवरून आणि एकाच एमसीबीखाली घ्यावीत. वेगवेगळ्या फेजवरून घेतली तर त्या छोट्याशा खाचेत दोन वाहकांमध्ये 400 व्होल्ट येतात आणि एक एमसीबी पाडली तरी पट्टी जिवंत राहते.

तिसरी, सध्या सगळ्यांना हवी असलेली, मॅग्नेटिक पट्टी. ती 48 व्होल्टच्या डीसीवर चालते, दिवे लोहचुंबकाने चिकटतात आणि हाताने सरकवता येतात. व्होल्टेज कमी असल्याने वाहकाला बोट लागले तरी झटका बसत नाही. पट्टी फॉल्स सीलिंगच्या पातळीत बसली की काळी रेघ तेवढी दिसते. पण त्यासाठी तिची खाच जिप्सम बोर्ड लावण्याआधी ठरवावी लागते, म्हणजे 2 फुटांचा हिशेब आधीच झालेला हवा. जागा चुकली तर छत फोडावे लागते. शिवाय 230 चे 48 करणारा ड्रायव्हर छतात कुठेतरी ठेवावा लागतो, आणि तो गेला की एकेक दिवा न जाता पूर्ण भिंत अंधारते.

तिन्ही प्रकारांत एक दुखणे समान आहे: एका उत्पादकाचा दिवा दुसऱ्याच्या पट्टीत बसेलच असे नाही. थ्री सर्किटमध्ये परिस्थिती त्यातल्या त्यात बरी, कारण काही युरोपीय नमुन्यांची मापे बऱ्याच उत्पादकांनी उचलली आहेत. मॅग्नेटिकमध्ये सर्वांत वाईट, तिथे प्रत्येकाची रुंदी आणि संपर्काची जागा वेगळी. अमेरिकेतून येणारे नातेवाईक हौसेने ट्रॅकचे दिवे आणतात. तिथे एच, जे आणि एल असे तीन नमुने चालतात, जे एकमेकांतही बसत नाहीत, आणि दिवे 120 व्होल्टचे असतात. ते इथे निरुपयोगी ठरतात.

उष्णता

हॅलोजनच्या काळात उष्णतेचा प्रश्न डोळ्यांना दिसणारा होता. 50 वॅटचा छोटा दिवा चित्रावर ऊब टाकायचा, मागच्या परावर्तकातूनही उष्णता बाहेर फेकायचा आणि हात लावला तर फोड यायचा. एलईडीच्या झोतात ऊब नसते, म्हणून उष्णता संपली असा समज झाला आहे. प्रत्यक्षात विजेचा निम्म्याहून अधिक भाग अजूनही उष्णताच होतो. फरक इतकाच की ती झोतातून न जाता चिपच्या मागे साचते आणि धातूच्या अंगातूनच बाहेर पडू शकते.

दिव्याचे सगळे आकडे, आयुष्य धरून, भोवतालची हवा 25 अंश सेल्सिअस आहे असे मानून दिलेले असतात. वेगळे तापमान अभिप्रेत असेल तर दिव्यावर ta हे चिन्ह आणि पुढे आकडा छापतात, उदाहरणार्थ ta 40. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चिन्ह नसणे म्हणजेच 25. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा 45 पर्यंत जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळी, दिवे लावण्याच्याच वेळी खाली सोडतो. छताजवळची हवा 43 अंश असणे तिथे अजिबात विशेष नाही.

ड्रायव्हरवर tc असा आणखी एक आकडा असतो. हा ठरावीक बिंदूवरचा कमाल तापमानाचा आकडा, बहुधा 75 ते 90 अंशांच्या दरम्यान. समजा एका दिव्यात तो बिंदू 25 अंशांच्या हवेत 65 पर्यंत चढतो, म्हणजे हवेपेक्षा 40 अंश जास्त. 43 अंशांच्या हवेत तोच 83 वर जाईल. tc 75 असेल तर मर्यादा ओलांडली, 90 असेल तर आत राहिला. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश वाढीला अंदाजे निम्मे होते. खोक्यावर छापलेले 25,000 तास रोज पाच तासांच्या वापरात तेरा वर्षांहून जास्त भरतात, पण ते चिपचे असतात. तापलेल्या छताखाली ड्रायव्हर त्याच्या कितीतरी आधी थकतो.

म्हणून वॅटपेक्षा दिवा कुठे आणि कशात बसतो हे अधिक पाहावे. उघड्या पट्टीवर लोंबणाऱ्या दिव्याभोवती हवा खेळते, तिथे उष्णता सुटते. तोच दिवा छतात बुजवला किंवा बंद डबीत जीयू 10 चा बल्ब घातला की उष्णता अडकते. मॅग्नेटिक पट्टीचे सडपातळ दिवे दिसायला देखणे, पण उष्णता फेकायला त्यांच्याजवळ धातू कमी. त्यांत 5-7 वॅटच्या पुढे जाताना ta जरूर विचारावा. 48 व्होल्टचा ड्रायव्हर तापलेला स्लॅब आणि जिप्सम बोर्ड यांच्या मधल्या बंद पोकळीत टाकण्याऐवजी हात पोचेल अशा झाकणामागे, शक्य तर टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवावा, आणि त्यावर क्षमतेच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये.

बिघाडाची लक्षणे ओळखता येतात. दिवा अर्ध्या तासाने विझतो आणि थंड झाला की पुन्हा लागतो, तेव्हा आतले उष्णतारक्षण काम करत असते. एकाच वेळी घेतलेल्या पाचांपैकी एकाचा रंग निळसर किंवा हिरवट झाला, तर त्याची चिप जास्त तापते आहे. हात लावून पाहण्याची चाचणी मात्र फसवी. अंग चांगले गरम लागणे म्हणजे उष्णता बाहेर येते आहे, आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या दिव्यात तेच अपेक्षित असते. बराच वेळ जळूनही अंग थंड राहणारा हलका प्लास्टिकचा दिवा संशयास्पद, कारण त्याची उष्णता आतच अडकलेली असते.

किनाऱ्यावर हिशेब थोडा बदलतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत हवा नागपूरइतकी तापत नाही, पण खारट दमट हवेत पट्टीतले तांबे आणि अडॅप्टरच्या पत्त्या काळ्या पडतात. दिवा किंचित हलवला की लुकलुकत असेल तर दोष बहुधा तिथे. वीज बंद करून दिवे काढून पत्त्या कोरड्या कापडाने पुसण्याचे काम दिवाळीच्या सफाईत उरकते.

नागपूरच्या भिंतीचा हिशेब मग असा बसतो. भिंतीपासून 2 फुटांवर 3 मीटरची उघडी थ्री सर्किट पट्टी, अर्थिंगसह, तिन्ही बटणे एका फेजवर. तैलचित्राला 24 अंशांचा 5 वॅटचा एक दिवा, वरच्या तृतीयांशाकडे रोखलेला. पैठणीला 36 अंशांचे 5 वॅटचे दोन, 50 लक्सपर्यंत मंद केलेले. पुस्तकांना 36 अंशांचे 7 वॅटचे दोन. सगळे ta 45 किंवा वरचे, रंग दाखवण्याचा निर्देशांक 90 च्या पुढे आणि रंगतापमान 3000 केल्व्हिन, म्हणजे जर आणि तैलरंगातले तांबडे मरगळत नाही. एकूण भार 29 वॅट. पट्टीबरोबर त्याच नमुन्याचा एक जादा दिवा घेऊन ठेवायचा, कारण चार-पाच वर्षांनी त्याच अडॅप्टरचा दिवा बाजारात असेल याची खात्री कोणताही विक्रेता देत नाही. पहिली चाचणी रात्री, पंखा पूर्ण वेगात लावून घ्यायची, आणि दिव्यांचे स्क्रू त्यानंतरच घट्ट करायचे.